भिंतीवरचं पुसलेलं घड्याळ

कुणी विचारलं, तू काय करतेस, तर मी सांगते, झाडू-पोछा. समोरच्याचा चेहरा पडतो, मग मला जरा मजा येते, मग खरं सांगते. ऐतिहासिक सिनेमा-मालिकांमध्ये चुकून जे आजचं काही दिसतं ते मी पुसते. किल्ल्याच्या तटामागचा मोबाइलचा टॉवर. मावळ्याच्या दंडावरचा देवीच्या लशीचा व्रण. राणीसाहेबांच्या दालनातलं विजेचं बटण. एका सेनापतीच्या तोंडातली चांदीची दाढ मी दोन दिवस बसून पुसली होती, कारण तो रणांगणात फार मोठ्याने ओरडत होता. आमच्या धंद्यात याला क्लीनअप म्हणतात. म्हणजे झाडू-पोछाच की नाही? आणि नियमही तोच, चांगला केला तर कुणाला दिसत नाही, एक कोपरा राहिला तर सगळी दुनिया बोट दाखवते.

आमचा स्टुडिओ मरोळला आहे, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. खालच्या मजल्यावर खोके बनतात, वर आम्ही पंधरा-वीस जण काळोखात बसून स्क्रीनकडे बघतो. आत शिरताना दारावर मोबाइल काढून द्यावा लागतो. बाहेर चित्र जाऊ नये म्हणून. आमच्या मशीनला इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह लावायला जागा नाही, आणि काय काम करतोय ते घरी सांगायचं नाही असं आधीच लिहून दिलेलं असतं. मला याचा कधी राग आला नव्हता. बाबांच्या सेटवरही हेच होतं. जुन्या काळाची मालिका असली की ज्युनिअर आर्टिस्टांनी कपडेपटात मोबाइल द्यायचे, मनगटावरची घड्याळं द्यायची, आणि चष्मेसुद्धा.

बाबा ज्युनिअर आर्टिस्ट. म्हणजे गर्दी. गिरणी बंद पडली तेव्हा ते तरुण होते, मग कुणीतरी ओळखीच्याने त्यांना गोरेगावला उभं केलं आणि ते उभेच राहिले. कोर्टातले लोक, लग्नातले पाहुणे, तुरुंगातले कैदी, स्मशानातले खांदेकरी. लहानपणी आम्ही दोघं भावंडं टीव्हीसमोर बसून त्यांना शोधायचो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, त्याला आधी सापडायचे. 'तो बघ, कान.' कधी कान, कधी पाठ, कधी नुसता फेटा. आई चुलीवरचं सोडून यायची तोवर बाबा गेलेले असायचे. ती म्हणायची, "ह्यांचा तोंड कधी दिसात, देव जाणे."

आणि मग एवढ्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, त्यांना एक वाक्य मिळालं. एका वेब मालिकेत, एका सरदाराच्या म्हाताऱ्या सेवकाचं. दालनात यायचं, मुजरा करायचा आणि म्हणायचं, 'सरकार, घोडा तयार आहे.'

आई तेव्हा बोरिवलीच्या हॉस्पिटलात होती. तिचं हृदय थकलं होतं, आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून परत आयसीयूत असं चाललं होतं. वॉर्डात असताना तिने त्या वाक्याची तालीम घेतली. ती खाटेवर उशीला टेकून सरकार व्हायची, बाबा पडद्याआडून यायचे, मुजरा करायचे, वाक्य म्हणायचे. ती घोडा आणून दाखवा म्हणायची, "मगे हाडा की घोडो, थंय कित्याक बांधलास?" शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकायची. नर्सने दोनदा दम दिला. माझ्या आठवणीत आई-बाबांना एवढं हसताना मी आधी बघितलेलं नाही, आणि नंतर तर प्रश्नच नाही.

शूटिंगच्या आदल्या दिवशी तिला पुन्हा आयसीयूत नेलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत स्थिर आहे, काळजी करू नका. डॉक्टरांचं ते 'स्थिर' मी आयुष्यात पुन्हा मनावर घेणार नाही. बाबा शूटिंगला येत नाही असा फोन करायला निघाले होते. आईने मास्क बाजूला केला. "तोंड उघडूक मिळता हा एवढ्या वर्षांनी. हयसर बसान काय करूचा हा? जावा." बाबा म्हणाले, "भेटायच्या वेळेला येतो." भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. आईने मान हलवली.

ते आले नाहीत. पाच वाजले तसं दादाने फोन लावायला सुरुवात केली. बाबांचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. आम्ही एकेक करून आत जात होतो, एका वेळी एकच माणूस सोडत. आई शुद्धीवर होती. मी आत गेले की ती माझ्या खांद्यामागे दाराकडे बघायची. दादा गेला तेव्हाही तसंच. दादाने तिला सांगितलं, ट्रॅफिक आहे. सहाच्या आत सगळं संपलं.

बाबा आठच्या सुमारास धावत आले. कपाळावर गंध तसंच, गालांवर मिशीचा डिंक वाळून पापुद्रे सुटलेले. दादाने एकदा त्यांच्या गालाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. सगळे विधी त्याने केले, तेराव्यापर्यंत राहिला, मग मुलुंडला आपल्या घरी गेला आणि बाबांशी बोलणं बंद. मला फोनवर म्हणाला, "ती दाराकडे बघत होती आणि हे तिकडे घोडा बांधत होते." मलाही तेच वाटत होतं. मी बाबांच्या घरात राहते, त्यांना जेवायला वाढते, म्हणून माझं बोलणं चालू राहिलं, एवढंच. 'भाजी वाढू का' हे काय बोलणं असतं?

बाबांनी एकदाही स्वतःची बाजू सांगितली नाही. विचारलं तर म्हणायचे, "शॉट चालू होता."

तर, ती मालिका आमच्याकडे कामाला आली. येणार हे माहीत होतं, पण तिचे शॉट चार-पाच स्टुडिओत वाटलेले होते, म्हणून मी फार विचार केला नव्हता. सकाळी मशीन उघडलं आणि माझ्या नावावर पडलेला नवा शॉट सुरू केला. दालन, समया, धुपाचा धूर, कॅमेरा रुळावरून हळूहळू पुढे सरकतोय. सरदार पाठमोरा. उजवीकडे भिंतीवर भरजरी पडदा, आणि पडद्याच्या कडेतून अर्धं बाहेर आलेलं पांढऱ्या तबकडीचं, प्लास्टिकच्या चौकटीचं, सेलवर चालणारं घड्याळ. मला हसू आलं. अशा चुका बघितल्या की आम्हाला हसूच येतं, रोजीरोटी आहे ती. मग डावीकडून म्हातारा सेवक आत आला, मुजरा केला, वर बघितलं.

पूर्ण चेहरा. कान नाही, पाठ नाही. मी टेबलावरची पाण्याची बाटली पाडली.

सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. कांदिवलीचा आहे, वयाने माझ्याच बरोबरीचा, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा. म्हणाला, "ह्याच्यावर जास्त मरू नकोस यार. घड्याळासमोरून त्या काकांचा फेटा जातो, वर धूर आहे, कॅमेरा हलतोय. प्रॉडक्शनने सांगितलंय, जमत नसेल तर सोडा. ते सरदाराचा क्लोज-अप टाकतील, काकांचं वाक्य मागून ऐकवतील. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर शॉट गेला."

मी म्हटलं, "जाणार नाही."

"का, काका सासरे लागतात काय तुझे?"

"बाप."

तो खुर्ची ओढून बसला. "दुसऱ्या कुणाला देऊ?"

"नको," मी म्हटलं. "दुसरा कुणी फेट्याच्या कडा खाईल."

एखादी वस्तू पुसायची म्हणजे नुसतं खोडायचं नसतं. तिच्यामागे काय होतं ते कुठून तरी आणून तिथे बसवावं लागतं. या शॉटमध्ये घड्याळावर मुळात पडदाच असायला हवा होता, हे उघड होतं. म्हणून मी प्रॉडक्शनकडून त्या शॉटचे सगळे टेक मागवले, कापलेले नाही, कॅमेरा चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत अख्खे. कुठल्या तरी टेकमध्ये पडदा नीट असेल, तो उचलायचा. दुसऱ्या दिवशी टेक आले. बरोबर एक चिठ्ठी होती. घड्याळ त्या बंगल्याचंच. मढकडचा जुना बंगला. कलाविभागाने ते काढायला घेतलं तर खिळ्याबरोबर गिलावा सुटायला लागला, मालक ओरडला, म्हणून त्यांनी वरून पडदा सोडला. पडदा कसा सरकला ते कुणाला माहीत नाही.

पहिल्या टेकमध्ये पडदा नीट होता. अगदी झकास, सरळ चुणी, घड्याळाचा पत्ता नाही. बाबांचं वाक्य चुकलं होतं, 'सरकार, घोडे' म्हणाले होते. दुसरा टेक तो, जो पसंत केला होता. त्याची सुरुवात मी बघायला लागले. क्लॅप अजून पडलेली नव्हती. दिवे लागलेले, लोक इकडून तिकडे, कुणीतरी समईत तेल घालतंय. बाबा जागेवर जायच्या आधी भिंतीजवळ आले. इकडेतिकडे बघितलं. आणि उलट्या हाताने, जणू पाठ टेकवतायत असं दाखवून, पडदा थोडा सरकवला. मग मान वाकडी करून, डोळे बारीक करून, त्या तबकडीकडे बघितलं.

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. खिडक्यांना काळं कापड लावून त्या दालनात दिवसाची रात्र केलेली होती. मोबाइल कपडेपटात, मनगट मोकळं. सेटवर ज्युनिअर आर्टिस्टाने वेळ विचारली की साहाय्यक पोरं म्हणतात, 'काका, पॅकअपची घाई झाली का?' आणि पुढच्या वेळी त्या काकाला बोलावत नाहीत. हे बाबांनीच मला कधीतरी हसत सांगितलं होतं. त्यांना वेळ कळायला तेवढी एकच जागा होती, आणि त्यावर पडदा होता.

एवढंच नाही. पसंत केलेल्या भागातही, मुजरा करून ते वर बघतात, 'सरकार' म्हणतात, आणि 'घोडा तयार आहे' म्हणायच्या आधी त्यांची नजर एकदा उजवीकडे जाते. घड्याळाकडे. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा त्यांच्या तोंडावर होता आणि ते घड्याळ बघत होते. मला रडायला आलं. काळोखात बसतो त्याचा हा एक फायदा, शेजारच्याला कळत नाही.

माझ्या हातात तेव्हा काय होतं ते सरळ सांगते. दादाला दाखवायला एवढा एकच पुरावा होता की बाबा त्या दिवशी आईला विसरले नव्हते. आणि तो पुसायचा मला पगार मिळत होता. पुसला नाही तर बाबांचं उभ्या आयुष्यातलं एकुलतं एक वाक्य जाणार होतं, तेही आईने शिकवलेलं.

मी सुपरवायझरला विचारलं, "एक फ्रेम मिळेल? फक्त माझ्या भावाला दाखवायला."

त्याने मान हलवली. "तुला माहितीये. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल, आणि पुढचं काम स्टुडिओला मिळणार नाही." मग म्हणाला, "आणि डिलिव्हरी झाली की सगळे टेक इथून पुसायचे आहेत. तसं लिहून दिलंय." त्याला ते सांगताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. मी त्याच्यावर चिडले नाही. चिडले ते त्या मालकावर. एका खिळ्याच्या गिलाव्यासाठी ओरडला मेला.

मग कामाला लागले. पहिल्या टेकमधला पडदा उचलला. दोन्ही टेकमध्ये कॅमेरा माणसाने ढकललेला, त्यामुळे वेग सारखा नव्हता. पडदा भिंतीवर स्थिर करून घेतला, मग दुसऱ्या टेकच्या हालचालीला बांधला. समईची ज्योत हलते तसा पडद्यावरचा उजेड कमी-जास्त होतो, तो एकेका फ्रेमला जुळवला. वरून कॅमेऱ्याच्या चित्रात असतात तसे बारीक दाणे पेरले, नाहीतर तेवढाच तुकडा गुळगुळीत दिसतो आणि पकडला जातो. घड्याळाच्या काचेवरून समईचा एक कवडसा शेजारच्या लाकडी खांबावर पडत होता, तोही पुसला. घड्याळ गेलं आणि कवडसा राहिला तर लोक नाही, पण माझ्यासारखी एखादी पकडेल.

सगळ्यात शेवटी फेटा. बाबा पुढे येताना त्यांचा फेटा घड्याळावरून जातो. तो फेटा, कानाजवळचे सुटे केस, वाढलेली दाढी, हे सगळं नव्या पडद्याच्या पुढे यायला हवं, म्हणून त्याची कड एका सेकंदाला पंचवीस अशी प्रत्येक फ्रेमला हाताने आखावी लागते. चारशे टक्के मोठं करून. मी माझ्या बापाला एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. कानामागे जुनी खोक आहे, मला माहीत नव्हती. घरी गेले की समोर तेच कान, तीच मान, वाटीतली आमटी पीत बसलेली. एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, कानामागे काय लागलंय?" ते म्हणाले, "गिरणीतलं गो. तू झाली पण नव्हतीस तेव्हा." मला एवढंच विचारता आलं.

तेवढं मोठं केलं की घड्याळातली वेळही दिसते. पाच वाजून वीस मिनिटं. मी मनाशी म्हटलं, बंगल्यातलं घड्याळ आहे, बंद असेल, पुढे असेल. पण सेकंदकाटा फिरत होता. आणि कॅमेरा प्रत्येक फ्रेमबरोबर त्या क्षणाची वेळ नोंदवत असतो. ती उघडून बघितली. पाच वीस. घड्याळ बरोबर होतं. पाच वीसला आई दाराकडे बघत होती, मी तिच्या उशाशी होते.

गुरुवारी मी पडद्याची शेवटची चुणी बसवली. बाबांनी उलट्या हाताने सरकवलेला पडदा मी परत ओढला, एवढंच म्हणायचं. सुपरवायझरने मोठ्या स्क्रीनवर लावून बघितलं, तीन वेळा. "काय घड्याळ, कसलं घड्याळ," तो म्हणाला. मग म्हणाला, "फक्त ते मध्येच तिकडे का बघतात? दिग्दर्शकाला खटकेल. बुबुळं फिरवायची का? दहा मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "डोळ्यांना हात लावायचा नाही."

त्याने लावला नाही, आणि दिग्दर्शकालाही खटकलं नाही. म्हणे, म्हातारा सेवक बिचकून बघतो, छान वाटतं. शॉट पास झाला. दोन आठवड्यांनी सर्व्हर साफ केला.

मालिका आली ती आईच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात. दादाला यावंच लागलं. भटजी गेले, पानं उठली, सगळे नातेवाईक पांगले. घरात आम्ही तिघं. दादा चप्पल घालायला निघाला होता. मीच म्हटलं, "थांब. बाबांचं वाक्य बघून जा. आईने शिकवलं होतं." आईचं नाव घेतलं म्हणून थांबला. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, खांद्यावर सोवळ्याचं उपरणं तसंच. त्यांनी नको नको म्हटलं, पण उठून गेले नाहीत.

मी भाग लावला, पुढे नेला. दालन. समया. डावीकडून बाबा. मुजरा. 'सरकार,' मग ती नजर, 'घोडा तयार आहे.' आवाज खणखणीत लागला होता.

दादा म्हणाला, "मध्ये कुठे बघतायत? वाक्य विसरले वाटतं." बाबांशी नाही, माझ्याशी बोलला.

काय लिहून दिलं होतं, काय नाही, त्या क्षणी मला त्याची पर्वा राहिली नाही. मी म्हटलं, "घड्याळाकडे बघतायत. तिथे भिंतीवर घड्याळ होतं. पडद्याखाली झाकलेलं. बाबांनी पडदा सरकवून ठेवला होता, वेळ कळावी म्हणून. आईला भेटायला यायचं होतं म्हणून. मी बघितलंय दादा, मीच ते पुसलंय."

दादाने रिमोट माझ्या हातातून घेतला. मागे नेलं. पुन्हा बघितलं. उठून टीव्हीजवळ गेला, चष्मा वर केला, काचेवर बोट ठेवलं. "इथे?"

"हो."

"इथे पडदा आहे."

"तो मी लावलाय."

त्याने आणखी एकदा मागे नेलं, थांबवलं, अगदी नाक लावून बघितलं. आमच्या धंद्यातले लोक जसं बघतात तसं, कड शोधत. त्याला शोधायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्याला ते घड्याळ सापडायला हवं होतं. पण मी कड सोडलेली नव्हती. चौदा वर्षांत मी केलेलं सगळ्यात चोख काम ते.

तो मागे सरला. "तू बापाला वाचवायला बघतेस गं. समजतं मला," तो म्हणाला, आवाज चढवला नाही. "पण इथे काही नाहीये, मी काय करू?" बाबांकडे वळला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून विचारलं, "होतं काय तिथे घड्याळ?"

बाबा उपरण्याची दशी पिळत बसले होते. मी डोळ्यांनी त्यांना सांगत होते, हो म्हणा. एक 'हो' तर म्हणायचंय.

ते म्हणाले, "असांदे रे. मी आलो नाही, हे तर खरं आहे ना?"

दादाने चप्पल घातली आणि गेला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज दोन मजल्यांपर्यंत आला, मग थांबला, मला वाटलं परत येतोय. पण नाही आला.

मी बाबांवर ओरडले. ओरडायचंच होतं मला, वर्षभर साठलेलं. "का नाही बोललात? एक शब्द बोलायचा होता. मी काय झक मारली काय तिथे बसून?" माझं संपल्यावर ते म्हणाले, "तू बघितलंस ते घड्याळ?"

"दहा दिवस तेच बघत होते."

"जवळनं?"

"अगदी जवळनं."

ते उठले, माझ्या शेजारी येऊन बसले. टीव्हीवर चित्र थांबलेलंच होतं, ते स्वतः, उजवीकडे बघताना. "चष्मा घेतला होता गो त्यांनी," ते म्हणाले. "मला काटे नीट दिसत नव्हते. एक लांब, एक आखूड, एवढं कळत होतं, कुठला कुठला ते कळेना. मी साडेचार धरले. म्हटलं अजून वेळ आहे. शॉट झाल्यावर तो साहाय्यक म्हणाला, काका, त्या बाजूने आणखी एक घेऊ का, चेहरा छान येईल. मी म्हटलं, घे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात थंड होता. "रोज विचार करतो. साडेचारच होते ना? मी बरोबर वाचलं ना?"

वीस मिनिटं झालेली, लांब काटा चारवर. आखूड काटा पाचच्या पुढे. चष्म्याशिवाय उलटसुलट झाले, तर चार पंचवीस, म्हणजे साडेचारच दिसणार. त्या क्षणी कपडे टाकून धावले असते तर ते पोचले असते का, मला माहीत नाही. मढहून बोरिवली, संध्याकाळची वेळ. कदाचित दारापर्यंत आले असते. ती दाराकडेच बघत होती.

ते घड्याळ आता आम्हाला दाखवता येईल असं कुठेच नव्हतं. सर्व्हरवर नाही, मालिकेत नाही. त्यातली वेळ नीट वाचलेलं दुनियेत एकच माणूस होतं.

"साडेचारच होते बाबा," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर वाचलंत."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग म्हणाले, "परत एकदा लाव गो." मी लावलं. त्यांनी मुजरा केला, वर बघितलं, सरकार म्हणाले, आणि मग उजवीकडे, मी लावलेल्या पडद्याकडे बघितलं.